समुद्राच्या बियाण्याला गोडं पाणी

आमच्या मालकांनी आयुष्यात एकदाच कुणाचं बियाणं मारलं, आणि तेही पाणी घालून. ही गोष्ट आमच्या लोहा तालुक्यात सांगितली तर लोक हसतात. पाण्यानं बियाणं मरतं होय? मरतं. मी समोर उभी होते.

माझा जावई रेणापूरकडचा. जिल्हा परिषदेचा मास्तर. त्याला नेमणूक मिळाली ती थेट सिंधुदुर्गात, समुद्राच्या काठाला. आमच्याकडची कितीतरी पोरं तिकडं मास्तर म्हणून गेलीत. बदलीचा अर्ज करतात आणि वाट बघत तिकडंच पोरंबाळं वाढवतात. लेक त्याच्यासोबत गेली. एका कोळणीच्या घरामागच्या दोन खोल्या त्यांनी भाड्यानं घेतल्या होत्या. घरमालकीण माझ्याच वयाची, विधवा, हाडानं मजबूत. सारं गाव तिला काकी म्हणायचं, म्हणून मीही काकीच म्हणायचे. ती मला ताई म्हणायची, आणि राग आला की घाटावरची.

सोयाबीन निघालं, रब्बीचं बघायला थोरला होता, म्हणून आम्ही दोघं लेकीकडं गेलो. चार-आठ दिवस राहून येऊ म्हणून गेलेलो, ते पुढचा पाऊस तोंडावर आल्यावर परतलो. एवढे दिवस घर सोडून मी कधीच राहिले नव्हते, पुन्हा राहिलेही नाही. आता मालक नाहीत. संध्याकाळी ओट्यावर बसले की मला आमचं शेत आठवत नाही, तो काठ आठवतो. शेत तर रोज समोरच आहे.

समुद्र मला आवडला नाही, हे आधीच सांगते. एवढं पाणी आणि उपयोग काय, असंच वाटलं. मालक मात्र पहिल्या दिवसापासून काठाला उकिडवे बसून राहायचे, जसे बांधावर बसायचे तसे.

काकीचा बायकांचा गट होता. ह्या बायका समुद्रात शेवाळाची शेती करायच्या. लेकीनं फोनवर सांगितलं होतं, पण माझ्या डोक्यात विहिरीतलं हिरवं शेवाळ. प्रत्यक्षात ते तसं नव्हतंच. बोटाएवढ्या जाड फांद्या, तपकिरी-हिरव्या, हाताला कुरकुरीत, शेराच्या झाडासारख्या. त्याचे मुठीएवढे तुकडे करायचे, दोरीला हात-हात अंतरावर सुतळीच्या फासानं बांधायचे. बांबूंचा चौकोनी तराफा करून त्यावर त्या दोऱ्या ताणायच्या, खालून जाळं लावायचं, नाहीतर मासे येऊन चरतात, जशी आपल्याकडं हरणं हरभऱ्यात पडतात. मग तराफा पाण्यात ढकलून नांगराला बांधायचा. खत नाही, फवारणी नाही, निंदणी एवढीच की रोज जाऊन हलवून त्यावरचा गाळ झटकायचा. दीडेक महिन्यात तुकड्याचा गड्डा होतो. तो काढून जाळ्यावर वाळवला की व्यापारी घेऊन जातो.

लेक बारावी शिकलेली, दिवसभर घरात बसून कंटाळलेली. गटातली एक बाई मुंबईला लेकाकडं गेली, तिच्या जागी काकीनं लेकीला घेतलं. गटातल्या बाकीच्यांना ते फारसं रुचलं नव्हतं. त्यांच्यातली एक ठसक्याची बाई होती, नाकात मोठी चमकी. ती लेकीच्या तोंडावर म्हणायची, "मास्तरांची बदली झाली की ह्या उडान जातला. मगे तराफो कोण बगतलो?" लेक सुतळीचे फास आवळत राहायची. पण मला म्हणाली, "माय, मला ह्येच्यात राहायचंय. इथं मला मास्तरीणबाई म्हणतात, आणि मी शाळेत पायबी ठेवत न्हाई. एक तरी काम माझं म्हणून पाहिजे."

तर त्या वर्षीचं बियाणं आलं. पावसाळ्यात तिथं शेवाळ टिकत नाही, त्यामुळं दरसाल नवं बियाणं दुसऱ्या राज्याच्या किनाऱ्यावरून गाडीनं येतं. ओल्या गोणपाटात गुंडाळलेलं. सगळ्या गटाचं बियाणं काकीच्या अंगणातल्या मांडवात उतरवलं. बायका सकाळपासून बांधत होत्या, मग भरती लागली तसा तयार झालेले तराफे घेऊन पाण्यात उतरल्या. लेकही गेली. मी स्वयंपाकाला आत गेले. मालक मांडवात बसलेले. काकी जाता जाता त्यांना म्हणाली, "काका, गोणपाट सुके होवक देव नकात हां. पाणी मारीत ऱ्हवा."

"हाव, मारतो की," मालक म्हणाले.

मला विचाराल तर सगळा घोटाळा त्या 'पाणी' ह्या शब्दात आहे. काकीच्या तोंडी ह्या कामातलं पाणी म्हणजे समुद्राचं. दुसरं कुठलं असतं, हे तिच्या मनातही येणार नाही. आमच्या तोंडी पाणी म्हणजे विहिरीचं. खारं ते पाणीच नव्हे. आमच्याकडं एखाद्या बोअरला मचूळ पाणी लागलं तर माणूस कपाळाला हात लावतो, कारण जमीन मीठ धरते आणि पीक जळतं. मालकांनी हयातभर हेच पाहिलेलं. समुद्र मांडवासमोर, विहीर मांडवामागं. त्यांनी समुद्राकडं पाठ केली आणि विहिरीवरून कळशी-कळशी ओढून, त्या वयात, दुपारभर त्या बियाण्याला गोडं पाणी पाजलं. मी एकदा बाहेर डोकावले तर म्हणाले, "बघ कसं गार करून सोडलं. कोवळं हाय, ऊन सोसत न्हाई त्येला." मी म्हटलं, जेवून घ्या. मलाही काही वावगं दिसलं नाही.

बायका परतल्या. काकीनं एक गोणपाट उचललं, हातात तुकडा घेतला, दाबला. तो कुरकुरला नाही. भिजलेल्या पापडासारखा लोळला.

"काका," ती म्हणाली, "खयचा पाणी मारलात?"

"हिरीचं. गोडं. लई गार पाणी हाय तुमच्या हिरीला."

काकीनं तो तुकडा त्यांच्यासमोर धरला. "अरे देवा म्हाराजा! ह्या समुद्रातला आसा हो! ह्येका गोडा पाणी म्हणजे वीख!"

सगळ्या बायकांनी गोणपाटं उलथी केली. वरचे थर गेलेच होते. दुसऱ्या दिवशी त्याची टोकं पांढरी पडली आणि बुळबुळीत होऊन गळाली. ढिगाच्या पोटातलं, जिथं पाणी पोचलं नव्हतं, तेवढं वाचलं. त्या दिवशी आधीच पाण्यात गेलेले थोडे तराफे धरून ते सगळ्यांना पुरणारं नव्हतं. परत मागवावं तर तिकडून उत्तर आलं, इतक्यात देता येणार नाही.

चमकीवाली काय गप्प बसते! "भायल्याक घेतला की असाच होता. तुमच्या घाटार पाणी नाय, म्हणान हय येवन ओतलात?"

मला राग आला, पण ओतलं तर होतंच. मालक खाली मान घालून उभे. त्यांना तसं मी सावकारासमोरही पाहिलं नव्हतं. आणि लेक. तिनं बापाकडं वळूनही बघितलं नाही, ते मला जास्त लागलं. ती फक्त कासोटा सोडून, ओले हात पुसून आत गेली. गटातलं तिचं नाव गेलं असं ती धरूनच चालली होती. मीही.

बायका बसल्या, आता काय. निम्म्या म्हणत होत्या, आहे ते वाटून घेऊ, दीड महिन्यात काढू, विकू, होईल ते होईल. तेव्हा मालकांनी मान वर केली.

"एक बोलू का? रागावू नका."

"बोला," काकी म्हणाली. "आता रागावान तरी काय?"

"वाटू नका. हे पीक समजू नका, हे बियाणंच समजा. वाढलं की विकायचं न्हाई. तोडायचं आन् परत बांधायचं. एकाचं चार हुतील, चाराचं धा. आमच्याकडं दुष्काळात पायलीभर ज्वारी राहिली तर आम्ही तीबी दळत न्हाई, पेरतो. माझ्या लेकीच्या वाट्याच्या दोऱ्या समद्यांच्या बियाण्याला लावा. तिला पहिल्या तोडीचं काही देऊ नका."

"तिचा ती सांगात," काकी म्हणाली. "तुमी कोण सांगणारे?"

लेक दारातच होती. म्हणाली, "हाव. मला चालतंय."

चमकीवालीनं नाक मुरडलं, पण दुसरं काही सुचवायला तिच्याकडंही नव्हतं. एवढं ठरलं की बियाणं वाढलं तर लेक गटात, नाही वाढलं तर पुढच्या हंगामाला तिची जागा दुसरीला.

आता हे तराफे ठेवायचे कुठं? उघड्या समुद्रात लाटांनी तुकडे तुटतात. बियाण्याचा एक तुकडाही घालवून चालणार नव्हतं. काकीच्या लेकाचे मासळीचे पिंजरे खाडीच्या तोंडाशी होते. लोखंडी पाइपांचे मोठे चौकोन, निळ्या पिंपांवर तरंगणारे, त्यात खोल जाळ्याच्या पिशव्या सोडलेल्या. आत जिताडा मासा. लहान पिल्लं आणून सोडायची, रोज खाऊ घालायचं, ताटाएवढा झाला की बाजारभाव बघून काढायचा. काकीचा लेक आधी ट्रॉलरवर खलाशी होता, महिने-महिने घरी नसायचा. पिंजरे टाकल्यापासून तो रोज घरी जेवत होता. त्याच्या बायकोला पिंजऱ्याचं काय वाटतं विचारलं तर ती एवढंच सांगायची, "घोव घरात दिसता."

तो म्हणाला, तराफे माझ्या पिंजऱ्यांशेजारी बांधा. आडोसा आहे, राखण आहे, आणि मासळीच्या विष्ठेनं, उष्ट्यानं पाण्याला कस येतो, शेवाळ तो खातं. मालकांचा चेहरा उजळला. "म्हंजे शेणखत! गोठ्याच्या खालच्या अंगाला पेरल्यासारखंच की." कितीतरी दिवसांनी त्यांना त्या काठावर काहीतरी समजलं होतं.

आणि वाढलं ते. मी रोज बघत होते. रंग काळसर झाला, फांद्यांना फांद्या फुटल्या. पण पिंजऱ्याला अगदी खेटून होते त्या तराफ्यांवर बारीक केसांसारखं दुसरंच शेवाळ चढायला लागलं, आणि त्यात गाळ अडकून राहायचा. आपल्याकडं युरिया जास्त झाला की तणच आधी माजतं, तसं. लेक आणि मालक होडीतून जायचे आणि एकेक दोरी हलवून, बोटांनी ते केस उपटून यायचे. मालकांना पोहता येत नव्हतं. त्यांच्या कमरेला लेकीनं रिकामा डबा बांधला होता. गावातले म्हातारे त्यांना बघून हसायचे, हे त्यांना हात करायचे.

खतावरून काकीचं आणि लेकाचं रोज वाजायचं. काकी जन्मभर त्याच जागेवर ओहोटीला तिसऱ्या, म्हणजे शिंपल्या, वेचायची. आता तिथं पाय टाकला की गुडघ्याएवढा काळा चिखल, आणि सडक्या अंड्यासारखा वास. एकदा तसेच काळे पाय घेऊन ती अंगणात आली.

"बग, बग माझ्ये पाय! तुझ्या पिंजऱ्याखाली काय उरला नाय. तिसऱ्यो खय गेल्यो?"

"आये, पिंजरे काढू? मगे मी परत ट्रॉलरार जाव?"

"काढ म्हणान कोण म्हणता? मासे कमी घाल. खाणा कमी टाक. तू ओततस, ता खाली जाता, कुजता. आणि ती बारकी मासळी किलोकिलोन घालतस त्येंका, ती मोठी झाली असती तर लोकांच्या जाळ्यात गावली असती मा?"

"मोठो मासो उपाशी ऱ्हवतलो मा!"

"ऱ्हवांदे. तुझ्या बापाशीन कधी माशाक जेवण वाढल्यान नाय."

मी हसले, तर दोघांनीही माझ्याकडं बघितलं. पण काकीचं खरं होतं, आणि ते लवकरच दिसलं. उन्हाळ्याच्या तोंडाला भांगाचे दिवस आले. भरती-ओहोटीला जोर नसतो तेव्हा तिकडं भांग म्हणतात. वारा नाही, पाणी जाग्यावर उभं. सकाळी बघतो तर पिंजऱ्यातले जिताडे वर येऊन तोंडं उघडझाप करतायत. खालच्या कुजक्यानं पाण्यातला जीवच खाऊन टाकला होता. काही पोटं वर करून तरंगत होते. काकीच्या लेकानं खाणं बंद केलं, मोठे मासे मिळेल त्या भावात काढले, आणि माणसं लावून पिंजरे ओढत पुढं नेले, जिथं पाणी वाहतं. आमचे बियाण्याचे तराफेही मागोमाग नेले, पण आता खेटून नाही, मध्ये जागा ठेवून.  मेलेले मासे काकीनंच लांब नेऊन पुरले.

त्या वाहत्या पाण्यात बियाण्यानं खरा जोर धरला. पहिली तोड आधीच सगळी परत बांधलेली होती. दुसऱ्या तोडीला बाकीच्या बायकांचे तराफे भरले. शिमगा झाला तेव्हा पाण्यावर जिथवर बघावं तिथवर बांबूचे चौकोन दिसत होते. लेकीच्या पदरात तोवर काहीच पडलं नव्हतं. हाताला सुतळीनं घट्टे पडलेले, चेहरा रापून आमच्याकडच्या खुरपणाऱ्या बाईसारखा झालेला. जावई म्हणाला, "शेती सोडून नोकरी धरली, तर बायकोनं पुन्हा शेतीच काढली."

मग माल निघाला, वाळला. वाळताना त्याच्यावर मीठ फुलतं, पांढरं. मालकांनी काकीला विचारलं, हे खातं कोण? ती म्हणाली, कारखान्यात ह्याचा चिकट रस काढतात, आइस्क्रीममध्ये, दात घासायच्या पेस्टमध्ये घालतात. काही तर औषध करून शेतकऱ्याला विकतात, पिकावर मारायला.

"काळं? बाटलीत?"

"होय तर."

मालक माझ्याकडं बघतच राहिले. आमच्या लोह्याच्या दुकानदारानं तेच औषध परदेशी म्हणून आमच्या गळ्यात मारलं होतं, आणि आम्ही ते सोयाबीनवर फवारलं होतं. पीक जरा बरं आलं होतं, हेही खरं.

वैशाखात काकीनं सांगितलं, आता सगळं काढा. तुकडा ठेवायचा नाही. मालकांना ते पटेना. बियाणं न ठेवता पावसाळ्यात जायचं? आमच्या घरात असं कधी झालं नाही. ते काकीला म्हणाले, चार तराफे आडोशाला राहू द्या, मी राखतो.

काकी हसायला लागली. "काका, नदीचा पाणी खाडीत उतारला की ह्या सगळा पांढरा. तुमी एका दुपारात केलात, ताच पाऊस चार म्हयने करतलो!"

सगळ्या बायका हसल्या. चमकीवालीही. मालकही हसले, आणि तेव्हा मला कळलं की ती गोष्ट मिटली.

पण काढायचं ह्याला दुसरंही कारण होतं. हे शेवाळ त्या समुद्रातलं नाही, बाहेरून आलेलं. तुटका तुकडा वाहत जाऊन खडकाला, पोवळ्याला चिकटला तर तिथंच वाढतो आणि खालचं दाबून मारतो, असं मासेवाल्या खात्याचे साहेब सांगून गेले होते. बायकांना ते नीट पटलेलं नव्हतं. मालकांना एका क्षणात पटलं. "म्हंजे गाजरगवत! आलं कुठून आन् पसरलं कुठवर! आमच्या गायरानात दुसरं काही उगवत न्हाई आता." मग ते रोज ओहोटीला टोपली घेऊन खडकांवर फिरायचे आणि अडकलेले तुकडे वेचायचे. धोतर वर खोचलेलं, पाय जपून टाकत. मी काठावर बसून बघायची. आमच्या लग्नाला इतकी वर्षं झाली, पण त्यांना लांबून, काही काम न करता, नुसतं बघायची सवड मला त्याआधी कधी मिळाली नव्हती. शेतात मी त्यांच्याच ओळीत वाकलेली असायची.

शेवटच्या दिवशी गट बसला. पुढच्या हंगामाला कुणाचे तराफे कुठं, ते तेव्हाच ठरतं. चांगल्या पाण्याच्या जागेवरून भांडणं होतात. काकीनं खाडीच्या तोंडाची, वाहत्या पाण्याची जागा धरली आणि लेकीकडं बोट करून म्हणाली, "ही जागा ह्या चेडवाची. कोणाक काय म्हणाचा आसा तर आता म्हणा."

सगळ्यांनी चमकीवालीकडं बघितलं. ती म्हणाली, "माका बाजूची द्या. ह्येच्या बापाशीन वायच हात लावल्यान तर माझापण वाढात."

जावयाची बदली पुढं झाली, रेणापूरलाच. लेक म्हणाली, मी इथून हलत नाही. घरात बराच तमाशा झाला. शेवटी जावयानं बदली रद्द करून घेतली. त्याच्या घरचे अजून मला बोलतात, तुमच्या पोरीनं आमचा पोरगा समुद्रात नेला. मी म्हणते, त्याला पोहता येतं.

मालक दोन वर्षांमागं गेले. लेक आली, दहावा होईपर्यंत राहिली आणि गेली, बियाण्याची गाडी यायची होती म्हणून. लोकांनी नावं ठेवली. मी ठेवली नाहीत. काल तिचा फोन आला. ह्या साली पाणी लवकर तापलं, म्हणून काठाकडच्या दोऱ्यांना पांढरं लागलंय. निम्मं आताच काढून वाळवतेय, उरलेलं खोल पाण्यात नेतेय, म्हणाली. मी विचारलं, परत बांधायला बियाण्यापुरतं राहील का? म्हणाली, राहील माय. मग चमकीवाली मागून ओरडताना ऐकू आली, आणि लेक म्हणाली ठेवते, होडी निघाली.